बिननावाचा अभिप्राय

लिडियाताई पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आल्या तो शुक्रवार होता, आणि त्यांच्या हातात पिशवी नव्हती. लाल चौकड्यांच्या फडक्यात कागद बांधलेले, आणि ते गाठोडं छातीशी धरून त्या जिना चढून आल्या. माझा जप नुकताच संपला होता. सकाळची एक माळ झाल्याशिवाय मी बोलत नाही, आणि त्या दिवशी घरी पाणी उशिरा आल्यामुळे माळ ऑफिसातच पुरी करावी लागली होती. म्हणून त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द त्यांच्यासाठीच होता.

"बसा," मी म्हटलं.

"मॅडम आहेत का?" त्यांनी विचारलं. "मी नवापूरकडून आले. दोन गाड्या बदलून."

मॅडम म्हणजे स्वप्नाली. कळसाडीची मुलगी, शहाद्यात खताच्या दुकानावर तिचं हे दोन खोल्यांचं ऑफिस. ती सी.ए. नाही, जीएसटीची कामं करायची रीतसर नोंदणी केलेली कर सल्लागार आहे. मी तिच्याकडे सहा वर्षं आहे. कागद लावणं, टायपिंग, आलेल्या माणसाला पाणी देणं ही माझी कामं. वयानं मी तिच्या आईएवढी, म्हणून ती मला सरलाकाकू म्हणते, आणि आम्ही दोघीच असलो की ती अहिराणीत बोलते.

नवापूरला कर सल्लागार नाहीत असं नाही. मग इतक्या लांब का, हे मी विचारलं नाही. ते त्यांनीच सांगितलं, गाठोडं सोडता सोडता.

त्यांचा तूरडाळीचा छोटा उद्योग. गावातल्या अकरा बायका डाळ निवडायला आणि पाकिटं भरायला यायच्या, आणि लेबल लावलेली पाकिटं सुरतच्या एका व्यापाऱ्याकडे जायची. जीएसटीचं सगळं त्यांचा धाकटा भाऊ योहान बघायचा. लॉगिन त्याच्या मोबाइलवर, ईमेल त्याचा. मग त्याच्या बायकोचं दुखणं निघालं, तो तिला घेऊन सुरतेला गेला आणि तिथंच राहिला. दर महिन्याची रिटर्न राहात गेली. आठ महिने. नोटीस आली ती त्याच्या ईमेलवर, नोंदणी रद्द झाल्याचा आदेशही तिथंच आला. लिडियाताईंना कळलं ते व्यापाऱ्याकडून. त्यानं त्यांचा नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, तर समोर 'रद्द' असं आलं, आणि त्यानं माल घेणं थांबवलं.

"भावाला फोन केला," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला, बघतो. त्यानंतर त्याचा फोन लागत नाही."

"मग इतके दिवस थांबलात कशाला?" स्वप्नालीनं विचारलं.

"नवापुरात सगळे योहानला ओळखतात, मॅडम. चर्चमध्ये मंडळीपुढं उभं राहून बायबल वाचतो तो. तिथं कोणाला सांगितलं असतं तर रविवारच्या आत गावाला कळलं असतं. त्या अकरा जणींना कळलं असतं की त्यांचं काम त्याच्यामुळे बुडालं. मग त्याला परत यायला गाव राहिलं नसतं. आणि माझी सासू..." त्या जराशा हसल्या. "सासरी माहेरचं काय काय ऐकावं लागतं, तुम्हाला माहीत आहे."

स्वप्नालीनं आदेशावरची तारीख पाहिली आणि कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. आदेश मिळाल्यापासून नव्वद दिवसांत नोंदणी परत चालू करण्याचा अर्ज द्यावा लागतो. तो एकाहत्तरावा दिवस होता.

त्यानंतरचे दिवस मी जवळून पाहिले, म्हणून सांगते. स्वप्नाली लिडियाताईंना घेऊन स्वतः जीएसटीच्या ऑफिसात गेली, ओळखीची कागदपत्रं दाखवून लॉगिन त्यांच्या मोबाइलवर करून घेतलं. अर्ज करायच्या आधी राहिलेली सगळी रिटर्न भरावी लागतात, व्याज आणि उशिराच्या दंडासकट. बिलं फडक्यात होती, तारखांचा मेळ नव्हता. लिडियाताई दर शुक्रवारी दोन गाड्या बदलून यायच्या, दिवसभर बिलं वाचून दाखवायच्या, आणि एकदाही आवाज चढवून भावाबद्दल बोलल्या नाहीत. त्यांनी डबा सोडला की त्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे यायची. माझा उपास असला की त्या तेवढ्याच शांतपणे ती परत आपल्याकडे ओढून घ्यायच्या. चौऱ्याऐंशीव्या दिवशी अर्ज गेला. त्यानंतर अठराव्या दिवशी नोंदणी पूर्ववत केल्याचा आदेश आला. मधल्या बंद काळाची रिटर्नही स्वप्नालीनं लगेच भरून टाकली. सुरतची गाडी पुन्हा लागली.

गावात त्यांनी एवढंच सांगितलं होतं की व्यापारी माल घेत नाही. ते खरंच होतं. का घेत नाही, ते फक्त सांगितलं नव्हतं.

*

अभिप्रायाची गोष्ट काढली ती लिडियाताईंनीच, त्यानंतर दीड महिन्यानं. दर महिन्याच्या रिटर्नसाठी त्या अजूनही शुक्रवारीच यायच्या.

"मॅडम, मला माहीतच नव्हतं की बंद झालेलं परत उघडतं," त्या म्हणाल्या. "मी इतके दिवस रडत बसले. माझ्यासारख्या अजून असतील. तुम्ही लिहा की असं होतं. माझं नाव नको फक्त. योहानला कोणी बोट दाखवायला नको."

स्वप्नाली लगेच हो म्हणाली नाही. तिलाही फेसबुकवर अशा पोस्टची गरज होती. आमच्याच बाजारपेठेतला दुसरा एक कर सल्लागार येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचा फोटो टाकतो, दुकानाच्या नावासकट, मागे संगणकावर त्याचं पोर्टल उघडं. लोक ते एकमेकांना पाठवतात आणि म्हणतात, याचं काम जोरात आहे. मागच्या वर्षात आमचे दोन ग्राहक तिकडं गेले.

"सी.ए. असती तर मला ग्राहकाचा अभिप्राय असा छापताच आला नसता," ती मला म्हणाली. "त्यासना नियम कडक शेत. माले तो नियम लागू नही. म्हणीसन माले मन्हा नियम मीच करना पडी."

तो नियम तिनं कागदावर उतरवला. लिडियाताईंसाठी एक पानाचं संमतीपत्र, साध्या मराठीत. काय लिहिणार, कुठं टाकणार. शेवटचा मजकूर त्यांनी वाचून सही केल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि नंतर कधीही, कारण न देता, काढून टाका म्हटलं तर काढणार.

मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी रोज एक पान रामनाम लिहिते, म्हणून माझं अक्षर बरं आहे, एवढीच माझी लायकी. पहिला कागद मी मनापासून लिहिला. त्यात सगळं होतं. नवापूरची एक कष्टाळू बाई, तिची डाळ, तिच्या अकरा जणी, सुरतचा व्यापारी, आणि सोबत आदेशाचा फोटो, नावावर मोबाइलमधल्या पेननं काळी रेघ ओढलेला.

स्वप्नालीनं फोटो आधी पाहिला. बोटानं स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. काळ्या रेघेखालून 'लिडिया' वाचता येत होतं.

"मी चांगली रेघ मारली होती," मी म्हणाले.

"रेघ चांगली शे, काकू. पण ती आरपार शे. आणि हाऊ नंबर दखा." तिनं आदेशावरच्या जीएसटी नंबरवर बोट ठेवलं. "नाव झाकीसन काय फायदा? हाऊ नंबर कोणीबी पोर्टलवर टाकी आणि नाव वाची लई. सुरतना व्यापारीनी तेच करेल शे."

फोटो गेला. मग तिनं पेन्सिल घेतली. नवापूर खोडलं. डाळ खोडली. "त्या भागात लेबल लावीसन डाळ इकणाऱ्या बाया कितल्या?" अकरा जणी खोडल्या. सुरत खोडलं. तारखा खोडल्या, दिवस ठेवले. 'बाई' खोडून 'व्यावसायिक' केलं आणि मजकूर 'आम्ही' असा फिरवला.

माझ्या पानावर फारसं काही उरलं नाही. मी म्हटलं, "मग आपण गुळाचं लिहू या का? डाळीऐवजी गूळ. म्हसावदचा एखादा गूळवाला. कोणाला कळणार आहे?"

ती हसली नाही. "नही, काकू. गाळानं, पण बदलानं नही. उद्या कोणी म्हसावदना गूळवाला इचारी, तो मी काय सांगू? जे लिखानं ते खरं पाहिजे. जे खरं सांगता येत नही ते लिखानंच नही."

गुळाचा विचार मी सोडला. माझाही एक नेम आहे, दहा वर्षांचा. जो समोर नाही त्याचं बोलायचं नाही. भजनी मंडळातल्या बायका मला चिडवतात. "सरलाबाईंना काही विचारू नका, त्यांना फक्त देवाचंच माहीत असतं." तो नेम पाळताना मी कितीदा तरी खोटंच बोलले असेन. माहीत असून 'मला माहीत नाही' म्हटलं असेल. गप्प राहणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं, हे माझ्या निम्म्या वयाच्या मुलीनं मला पेन्सिलीनं दाखवलं.

तरी एक ओळ मी तिच्याकडे मागून घेतली. इतकं खोडल्यावर पान कोरडं झालं होतं, माणूसच दिसत नव्हतं. मी लिहिलं होतं, 'कागदपत्रं लाल चौकड्यांच्या फडक्यात बांधून आणली होती. त्या गाठोड्यापासून आम्ही सुरुवात केली.'

स्वप्नालीनं ती दोनदा वाचली. "छान शे," ती म्हणाली. "राहू द्या. फडकं काय, घरोघर सापडस."

*

शुक्रवारी लिडियाताई सहीला आल्या. मजकूर त्यांनी सावकाश वाचला. मग म्हणाल्या, "मॅडम, सही आज नाही करत. आधी सासूला वाचून दाखवते."

"सासूला?" मी आणि स्वप्नाली एकदमच म्हणालो.

"तिला वाचता येत नाही. पण आमच्या डोंगरात कोणाच्या कोंबडीनं कुठं अंडं दिलं तेही तिला माहीत असतं. मोगराबाईला ओळखू आलं नाही, तर कोणालाच येणार नाही. मी सांगेन, मोबाइलवर आलंय, ऐका."

स्वप्नालीनं जरा विचार केला. "ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांनाच दाखवणार? ओळखलं तर काय कराल?"

"नाही ओळखणार. यात आहे काय आता? मीच मला ओळखत नाही." त्या हसत गेल्या.

पुढच्या शुक्रवारी मी खिडकीतूनच पाहिलं. त्या रस्ता ओलांडून येत होत्या आणि चेहरा हसरा नव्हता. वर येऊन बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "फडक्यानं घोळ केला."

झालं असं होतं. संध्याकाळी, सासू अंगणात तूर पाखडत असताना, त्यांनी मजकूर वाचून दाखवला. नोंदणी बंद पडली, मोगराबाई पाखडत राहिल्या. रिटर्न भरली, पाखडत राहिल्या. फडक्याची ओळ आली आणि सूप थांबलं.

"लाल चौकड्यांचं?" मोगराबाईंनी विचारलं.

"हो, आत्या. लोकांकडे असतं."

"लोकांकडे असेल. माझं तीन महिने झाले सापडत नाही. भाकरीचं फडकं माझं. मी शेजारणीशी भांडले त्याच्यावरून, तिनं दोरीवरून नेलं म्हणून." मग सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तू दर शुक्रवारी कुठं जायचीस?"

लिडियाताई खोटं बोलल्या नाहीत. सगळं सांगितलं. योहानचंही.

मला माझे हात कुठं ठेवावेत कळेना. इतक्या खोडाखोडीतून जी एक ओळ वाचली ती माझी होती, आणि नेमकी तीच बोलली. तेही कोणाजवळ, तर ज्या एका माणसाला कळू नये म्हणून ही बाई तीन महिने दोन गाड्या बदलत आली, त्याच्याजवळ.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "ओळ मी मागून घेतली."

"ठेवली मी," स्वप्नाली म्हणाली. मग लिडियाताईंकडे वळून, "ही पोस्ट आपण टाकायची नाही, ताई. सोडून देऊ. तुमचं नुकसान आधीच झालं."

"ऐकून तर घ्या," लिडियाताई म्हणाल्या. "आत्या पुढं काय म्हणाल्या ते राहिलंच सांगायचं."

मोगराबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं म्हणे. मग म्हणाल्या, "माझा भाऊही असाच एकदा गावातून निघून गेला. सांगायला तोंड नव्हतं त्याला. कोणी झाकलं नाही त्याचं, म्हणून तो आलाच नाही परत." लिडियाताईंना लग्नाला सतरा वर्षं झाली, सासूला भाऊ होता हे त्यांना त्या दिवशी कळलं. "योहान आला तर मला काही माहीत नाही. आणि त्या शहाद्याच्या बाईला सांग, फडक्याचं काढ, बाकीचं राहू दे. चांगलं लिहिलंय. लोकांच्या कामाला येईल. आणि फडकं आण."

फडकं आमच्याच कपाटात होतं. पहिल्या शुक्रवारपासून त्यांची बिलं त्यातच बांधून ठेवलेली. मी बिलं फाइलमध्ये लावली, फडकं घरी नेऊन धुतलं, इस्त्री केली. त्यात एक डझन केळी बांधून दिली. शेजारणीचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण लिडियाताईंनीच सांगितलं. मोगराबाई स्वतः जाऊन म्हणून आल्या होत्या, "फडकं सापडलं, चूक माझी होती." कुठं सापडलं ते नाही सांगितलं.

*

शेवटी जे गेलं ते एवढंच होतं. स्वप्नालीच्या फेसबुक पानावर आणि तिच्या व्हॉट्सअॅपवर, साध्या पांढऱ्या पाटीवर:

'आमची जीएसटी नोंदणी रद्द झाली होती. सलग अनेक महिने रिटर्न भरली गेली नव्हती. बंद झालेलं परत सुरू होतं हे आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे बरेच दिवस वाया गेले. इथं आल्यावर आधी राहिलेली सगळी रिटर्न भरली, मग मुदतीच्या आत अर्ज केला. अठरा दिवसांत नोंदणी पूर्ववत झाली. आता रिटर्न वेळेवर जातात, आणि लॉगिन आमच्या स्वतःच्या मोबाइलवर आहे. आम्हाला कोणी रागावलं नाही, हे सगळ्यात बरं वाटलं. — एक व्यावसायिक, नंदुरबार जिल्हा'

खाली स्वप्नालीच्या ओळी: 'हा अभिप्राय ग्राहकाच्या लेखी संमतीनं, ओळख पटेल असा तपशील गाळून दिला आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं. असाच निकाल लागेल अशी हमी देता येत नाही. आदेश मिळाल्यापासून नव्वद दिवस महत्त्वाचे. ते उलटले असतील तरी एकदा विचारा; योग्य कारण असेल तर मुदत वाढवून मागता येते.'

'कोणी रागावलं नाही' हे वाक्य लिडियाताईंचं स्वतःचं. फडक्याच्या जागी ते आलं. मला विचाराल तर माझ्या ओळीपेक्षा ते चांगलं आहे, आणि त्यात कोणाचं काही उघडं पडत नाही.

पहिल्या आठवड्यात चार जणांनी ती पाटी वाचली असेल. खालच्या खतवाल्यानं सांगितलं, "मॅडम, फोटो टाका, फोटोबिगर कोण वाचस?" स्वप्नाली म्हणाली, "ज्याले गरज व्हई तो वाची."

पंधरा दिवसांनी लिडियाताईंचा फोन आला. त्या दिवशी त्यांचा शुक्रवार नव्हता. स्वप्नालीनं स्पीकर लावला.

"मॅडम, योहानचा मेसेज आला," त्या म्हणाल्या. "वाचते. काकूंनाही ऐकू द्या."

त्यांनी वाचलं. मी नंतर त्यांच्या परवानगीनं ते उतरवून घेतलं, जसंच्या तसं.

'ताई, खाली एक पाठवतो ते वाच. इथं कामावर शहाद्याकडचा एक जण आहे, त्याच्या ग्रुपवर आलं. यांचं पण आपल्यासारखंच झालं होतं. मी तुला बघतो म्हणालो आणि फोन बंद केला. मला तोंड दाखवायला जागा नव्हती. आपले नव्वद दिवस गेले, मी मोजले आहेत. पण यात लिहिलं आहे की गेले असले तरी विचारा. तू या बाईकडे जा. नाहीतर मी येतो आणि आपण दोघं जाऊ. यात लिहिलं आहे की ते रागवत नाहीत.'

ऑफिसात मी आणि स्वप्नालीनं एकमेकींकडे पाहिलं. तिनं चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. ज्याच्यासाठी इतकं गाळलं, त्यानंच ते वाचलं होतं आणि स्वतःला ओळखलं नव्हतं. उलट त्यातून तो घरचा रस्ता विचारत होता.

"काय उत्तर देऊ?" लिडियाताईंनी विचारलं.

"तुमचा भाऊ आहे, ताई," स्वप्नाली म्हणाली. "माझ्याकडून कोणाला काही कळणार नाही. त्यालाही नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

पलीकडे, मागे कुठंतरी सुपाचा आवाज येत होता, एकसारखा.

"त्याला म्हणते, ये," लिडियाताई म्हणाल्या. "दोघं मिळून येतो शुक्रवारी. येताना गाडीत सांगेन."

ते आले. योहान माझ्या कल्पनेपेक्षा बारीक निघाला. दारातच चपला काढून उभा राहिला, खाली बघत. गाडीत त्याला सगळं कळलेलं होतं. लिडियाताईंच्या हातात तेच फडकं होतं, पण आत कागद नव्हते. मोगराबाईंनी दोघांसाठी भाकरी बांधून दिली होती, आणि तिसरी माझ्यासाठी. माझा उपास आहे का हे विचारून घ्यायलाही त्यांनी सांगितलं होतं.

नव्हता. मी खाल्ली.

ही हकिगत लिहिण्याआधी मी त्या दोघांना, आणि त्यांच्याकरवी मोगराबाईंना, विचारलं. स्वप्नालीचं संमतीपत्र होतंच. फक्त वरची ओळ बदलली. योहाननं सही केली तेव्हा मी त्याला विचारलं, नाव गाळू का. तो म्हणाला, "मावशी, आता राहू द्या."